ओठावरची किंवा कानावरची खपली भरत नसेल तर: ट्यूब लावण्याआधी काय करायचं, कोणत्या क्रमाने

मुंबईतल्या एका त्वचा ओपीडीत मी बसते. ओठावर किंवा कानाच्या कडेवर खपली घेऊन येणाऱ्या माणसाच्या पिशवीत बहुधा तीन-चार अर्ध्या संपलेल्या ट्यूबा असतात. पहिली मेडिकलवाल्याने दिलेली, दुसरी शेजारणीने सुचवलेली, तिसरी जवळच्या डॉक्टरांची. मध्येच कुणीतरी ते ‘मस’ म्हणून जाळलेलंही असतं. सात-आठ महिने असे गेले की मग कुणीतरी म्हणतं, तुकडा तपासून घ्या. हा क्रम उलटा आहे, आणि बहुतेक नुकसान या उलट्या क्रमानेच होतं.

ही खपली स्क्वॅमस सेल कार्सिनोमाची, म्हणजे एका प्रकारच्या त्वचेच्या कर्करोगाची असू शकते. लगेच सांगते, आपल्या सावळ्या कातडीत हा आजार गोऱ्या लोकांच्या मानाने बराच कमी दिसतो, आणि ओठावरच्या शंभर खपल्यांतल्या बहुतेक साध्याच निघतात. म्हणूनच तो लक्षात येत नाही. रोगीही धरून चालतो की साधं आहे, डॉक्टरही तेच धरून चालतात.

खपली का धरते हे आधी समजून घेतलेलं बरं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचं काम केराटिन तयार करायचं, म्हणजे नखात आणि कातडीच्या कोरड्या पापुद्र्यात असतं तेच द्रव्य. या पेशी बिघडून वाढायला लागल्या तरी केराटिन बनवणं थांबवत नाहीत, उलट ते अव्वाच्या सव्वा बनवतात. त्याचा थर साचतो, पिवळट-तपकिरी होतो, ओढला की निघतो आणि खाली ओली, सहज रक्त येणारी जागा दिसते. चार दिवसांत थर पुन्हा तयार. खपली उपटून आजार जात नाही, कारण खपली हा त्या आजाराचा माल आहे, कारखाना खाली आहे.

पुढच्या पायऱ्या मी एका रुग्णाच्या आधाराने सांगते. वेसाव्याचे एक तांडेल, वय ६१, चाळीस वर्षं बोटीवर. खालच्या ओठावर, मध्यापासून थोडं डावीकडे, खपली. होळीच्या आसपास सुरू झाली, माझ्याकडे आले ते दिवाळीच्या तोंडावर.

## पायरी १: आपण जोखमीच्या गटात बसतो का, ते आधी पाहा

खपली बघण्याआधी माणूस बघायचा. तोच डाग पंचवीस वर्षांच्या मुलीच्या ओठावर असेल तर मी दोन आठवडे थांबेन, आणि या तांडेलांच्या ओठावर असेल तर थांबणार नाही.

पहिला गट उन्हातल्या माणसांचा. इथे एका दिवसाचं भाजणं महत्त्वाचं नसतं, वर्षानुवर्षांची बेरीज महत्त्वाची असते. मासेमारी करणारे, मिठागरात काम केलेले, बांधकामावरचे मजूर, फेरीवाले, चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस. समुद्रावर आणि मिठागरात ऊन वरून पडतं तसं पाण्यावरून आणि मिठावरून उसळून खालूनही येतं, आणि खालचा ओठ जरासा वर वळलेला असल्याने दोन्हीकडचं झेलतो. वरच्या ओठाला नाकाची आणि मिशीची थोडी सावली मिळते. ओठावरचा हा कर्करोग बहुतांश खालच्या ओठावर का दिसतो, त्याचं साधं उत्तर हे. कानाचंही तसंच. टोपी डोकं झाकते, कान उघडाच राहतो. गांधी टोपी आणि कॅप या दोन्हींचा कानाला काडीचा उपयोग नाही. लांब केसांखाली कान झाकलेले असतात म्हणून बायकांच्या कानावर हा आजार पुरुषांपेक्षा कमी दिसतो.

दुसरा गट आपल्याकडे हमखास निसटतो. ओठावर किंवा कानाच्या खोलगट भागात डिस्कॉइड ल्युपसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटण्याच्या आजाराचे, जुने चट्टे असलेले लोक. हे चट्टे भरताना मध्ये पांढरे पडतात, रंगद्रव्य जातं, आणि तो पांढरा वण उन्हापुढे उघडा पडतो. रोगी म्हणतो, “डॉक्टर, हा तर पंधरा वर्षांचा आहे.” चट्टा पंधरा वर्षांचा असेल, पण त्यातला एक कोपरा गेल्या तीन महिन्यांत जाड झाला असेल तर तो कोपरा नवा आहे. जुनी भाजल्याची खूण, वर्षानुवर्षं वाहणारी जखम यांचंही असंच. सावळ्या कातडीत हा कर्करोग उन्हापेक्षा अशा जुन्या वणांतून बऱ्याचदा उगवतो.

तिसरा गट प्रतिकारशक्ती दबलेल्यांचा. किडनी किंवा दुसरा अवयव बसवलेले आणि त्यासाठी कायम गोळ्या घेणारे लोक यात सगळ्यात पुढे येतात. त्यांच्यात हा आजार कितीतरी पटींनी जास्त होतो, लवकर वाढतो आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी दिसू शकतो. एचआयव्ही, रक्ताचा जुनाट कर्करोग, संधिवातासाठी वर्षानुवर्षं चाललेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, हेही याच गटात. ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंगद्रव्य नसतं, त्यांना तर तिशीच्या आतही होतो.

तंबाखूबद्दल एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. विडी-सिगारेटचा संबंध ओठाच्या कोरड्या, बाहेरच्या भागाशीही आहे. पण खालच्या ओठामागे तंबाखू-चुन्याची गोळी दाबणाऱ्याचं दुखणं ओठाच्या आतल्या, ओल्या बाजूला सुरू होतं. तो तोंडाचा कर्करोग. त्याची चाल आणि उपचार वेगळे, आणि त्यासाठी त्वचेच्या नव्हे तर दात-तोंडाच्या किंवा डोकं-मानेच्या कर्करोगाच्या डॉक्टरकडे जायचं. म्हणून ओठ उलटून आतून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासा: एरवी खपली भरायला चार आठवडे देतात, पण तीनपैकी एका जरी गटात बसत असाल तर ‘चार आठवडे वाट पाहू’ ही सवलत तुमच्यासाठी कमी होते. प्रत्यारोपण झालेल्यांनी तर वाट पाहूच नये.

## पायरी २: उजेडात बघा, मग बोटाने चाचपा

बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात बघू नका. सकाळी खिडकीशी बसा, कान बघायला घरच्या माणसाला सांगा. कानाची वरची कड, कडेचा मागचा भाग आणि कानामागची घडी, हे तिन्ही बघायचे. स्वतःच्या कानाची मागची बाजू कुणालाच दिसत नाही, आणि न्हावी सोडला तर ती कुणी बघतही नाही.

ओठावर काय शोधायचं? खपली एकाच जागी आहे का. ओठाचा लाल भाग आणि हनुवटीची कातडी यांच्यामधली रेघ एरवी स्पष्ट असते, ती तिथे पुसट झाली आहे का. बाकीचा ओठ कोरडा, फिकट, बारीक सुरकुत्यांचा आणि पांढरट पापुद्र्यांचा झाला आहे का. शेवटची गोष्ट असेल तर तो उन्हाने झिजलेला ओठ, म्हणजे अ‍ॅक्टिनिक कायलायटिस. ती कर्करोगाच्या आधीची जमीन आहे. तांडेलांच्या ओठाची रेघ जवळजवळ अर्ध्या लांबीत पुसली होती. खपलीची जागा ९ मिलिमीटर.

मग बोटं. हात धुऊन ओठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि खपलीखालचा भाग हलकेच चाचपा. साधी खपली वरच्यावर असते, खाली ओठ मऊ लागतो. खाली बटणासारखा घट्ट भाग हाताला लागला, तर ती या लेखातली सगळ्यात महत्त्वाची खूण समजा. रंग, रक्त, दुखणं या सगळ्यांपेक्षा मी या घट्टपणावर जास्त विसंबते. सुरुवातीला दुखत नाही म्हणून लोक निवांत राहतात, पण न दुखणं हे इथे चांगलं लक्षण नाही.

साध्या गोष्टी कशा वेगळ्या ओळखायच्या? ताप आल्यावर ओठावर येणारे नागिणीच्या जातीचे फोड आधी चुरचुरतात, पुंजक्याने येतात आणि दोन आठवड्यांच्या आत स्वतःहून जातात. ओठ चाटायच्या सवयीने आलेले पापुद्रे पूर्ण ओठावर पसरलेले असतात. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या भेगा बहुधा बुरशीच्या किंवा कवळीच्या. कानामागचा तेलकट कोंडा दोन्ही कानांना आणि डोक्यालाही असतो.

कानावर मात्र एक खरा जुळा आहे. कडेच्या वरच्या भागात खपलीची छोटी, फार दुखणारी गाठ येते, आणि त्या कुशीवर झोपलं की कळ उठते. हा कर्करोग नव्हे, उशीच्या दाबाने खालच्या कूर्चेला झालेली सूज असते. मध्ये भोक असलेल्या उशीने दाब काढला की ती हळूहळू बसते. पण नुसत्या नजरेने हे दोन वेगळे काढताना मीसुद्धा चुकले आहे. त्यामुळे उशी बदलूनही महिन्याभरात उतार नसेल तर पुढच्या पायरीवर या.

शेवटी गाठी. ओठाच्या मधल्या भागाचा रस्ता हनुवटीखालच्या गाठींकडे जातो, कडेच्या भागाचा जबड्याखालच्या. कानाचा रस्ता कानासमोरच्या लाळग्रंथीतल्या गाठींकडे, कानामागच्या आणि मानेच्या वरच्या गाठींकडे. तिथे शेंगदाण्याएवढी, घट्ट, न दुखणारी गाठ लागली तर ती डॉक्टरला आपणहून दाखवा. घाईच्या ओपीडीत मान चाचपायची राहून जाते, हे मी आमच्याच बाजूने कबूल करते.

इशारा: खपलीच्या आसपास बधिरपणा, मुंग्या, किंवा हनुवटीचा एक भाग सुन्न वाटणं ही कर्करोगाने नस, म्हणजे मज्जातंतू, धरल्याची खूण असू शकते. काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी गाठही तितकीच गंभीर. यात चार आठवड्यांचं गणित लावू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

## पायरी ३: लावणं थांबवा, फोटो काढा, तारीख लिहा

तांडेलांना मी विचारलं, “नाखवा, ट्यूब कुठली लावता?”

“मेडिकलवाल्याने दिली ती. लावली की बसतं.”

‘लावली की बसतं’ हीच फसगत. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या या ट्यूबांत बहुधा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि वर स्टिरॉइड. स्टिरॉइडने लाली आणि सूज उतरते, खपली पातळ होते, माणसाला वाटतं भरलं. खालची वाढ चालूच राहते. तांडेलांच्या सुनेने सांगितलं की ट्यूब दर महिन्याला ‘काम करत होती’. सात महिने ती काम करत होती आणि ओठ आतून घट्ट होत होता.

म्हणून स्टिरॉइडची ट्यूब बंद. हळद, चुना, मोरचूद, जाळण्याचे द्रव, सगळं बंद. खपली उपटणंही बंद. ओठाला साधं पेट्रोलियम जेली लावा, तेवढं पुरतं. दाढी करताना तो भाग सोडा. कानात भिकबाळी किंवा बुगडी त्या जागेला घासत असेल तर काढून ठेवा.

फोटो असे काढा: खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद, दर वेळी तेच अंतर, बाजूला कंपासपेटीतली पट्टी. पट्टी हवीच, नाहीतर दोन फोटोंची तुलना करता येत नाही. आठवड्यातून एक फोटो, तारखेसह. चार आठवड्यांत आकार कमी होऊन कातडी पूर्ववत झाली तर प्रश्न मिटला. खपली पडली, परत आली, पडली, परत आली असं दोनदा झालं तर त्याला भरणं म्हणत नाहीत.

नेहमीची चूक: मोजणी प्रत्येक नव्या ट्यूबपासून नव्याने सुरू करणं. चार आठवडे पहिल्या खपलीच्या दिवसापासून मोजायचे.

## पायरी ४: कुणाकडे जायचं आणि काय घेऊन जायचं

ओठाच्या कोरड्या, बाहेरच्या भागासाठी आणि कानासाठी त्वचारोगतज्ज्ञ. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे या सार्वजनिक रुग्णालयांत त्वचेच्या ओपीडी आहेत आणि तिथे तुकडा काढून तपासला जातो. तुकड्याशिवाय थेट कर्करोगाच्या रुग्णालयात धावण्याची गरज बहुधा नसते. आधी निदान, मग परळची टाटा किंवा दुसरीकडे, हा रस्ता कमी दमवणारा. घट्ट गाठ, मानेत गाठ किंवा बधिरपणा असेल तर मात्र सरळ तिकडे जायला हरकत नाही.

सोबत न्या: फोटो, लावलेल्या सगळ्या ट्यूबा (नावं सांगू नका, ट्यूबाच दाखवा), चालू गोळ्यांची यादी आणि जुने केसपेपर. गोळ्यांच्या यादीत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि प्रत्यारोपणाच्या गोळ्या ठळक करा. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही सांगा. हे औषध कातडीला उन्हापुढे हळवं करतं आणि ओठाच्या या कर्करोगाशी त्याचा संबंध आढळला आहे. ते स्वतःहून बंद करायचं नाही, फक्त सांगायचं.

आणि एक वाक्य तोंडाने म्हणा: “ही खपली अमुक तारखेपासून आहे आणि भरत नाही, तुकडा तपासायला हवा का?” लांबलचक कहाणीपेक्षा हे वाक्य कामाचं.

## पायरी ५: तुकडा काढणं

इथे सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त चुका होतात. तांडेलांच्या थोरल्या भावाचं म्हणणं होतं, “सुरी लागली की पसरतो.” याच वाक्यामुळे ते आणखी तीन आठवडे आले नाहीत. त्वचेच्या या कर्करोगात छोटा तुकडा काढल्याने तो पसरत नाही. तुकड्याची भीती धरून थांबलेल्या महिन्यांत मात्र तो वाढतो.

प्रत्यक्षात काय होतं? जागा बधिर करणारं इंजेक्शन, जे अर्धा मिनिट चांगलं चुरचुरतं. मग ४ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने तुकडा, एक-दोन टाके, घरी. पंधरा-वीस मिनिटं. अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम गोळी एवढ्यासाठी बहुधा थांबवावी लागत नाही. हृदयात स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने थांबवणं धोक्याचंच आहे.

तुकडा कुठून आणि किती खोल, यावर सगळं अवलंबून असतं. नुसती खपली खरवडून पाठवली तर प्रयोगशाळेला केराटिनचा ढीग मिळतो आणि उत्तर येतं, ‘जास्त केराटिन, निदान करता येत नाही’. मधला कुजका भाग पाठवला तर नुसती मेलेली पेशीजाळी. तुकडा हवा तो घट्ट कडेचा, जाड भागातून, कातडीच्या खालच्या थरापर्यंत जाणारा. कारण कर्करोग वरच्याच थरात आहे की खाली उतरला आहे, हाच प्रश्न आहे, आणि खालचा थर तुकड्यात नसेल तर त्याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही.

इशारा: तपासणीशिवाय खपली जाळून, लेझरने उडवून किंवा ‘काढून टाकून’ घेऊ नका. कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये हे सर्रास होतं. वर कातडी भरते, खाली वाढ राहते, आणि तपासायला काहीच उरत नाही. जे काही कापून काढलं जाईल ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासणीला गेलं पाहिजे. बाटलीवर नाव, जागा आणि बाजू लिहिली आहे ना, डावा-उजवा बरोबर आहे ना, एवढं निघण्याआधी बघा.

## पायरी ६: रिपोर्ट वाचणं

रिपोर्ट हातात आला की पहिल्या ओळीवर थांबू नका. ‘वेल डिफरन्शिएटेड’ म्हणजे पेशी अजून मूळ पेशींसारख्या दिसतात. ‘पुअरली’ म्हणजे ओळख हरवलेल्या, जास्त आक्रमक. ‘इन सिटू’ म्हणजे वरच्या थरातच, ‘इन्व्हेझिव्ह’ म्हणजे खाली उतरलेला. ‘पेरिन्यूरल’ हा शब्द दिसला तर तो नसेशी संबंधित आहे आणि त्याबद्दल डॉक्टरला वेगळं विचारायचं.

तांडेलांचा रिपोर्ट: वेल डिफरन्शिएटेड, इन्व्हेझिव्ह, नस धरलेली दिसत नाही, खालची कड पेशींनी भरलेली. शेवटच्या वाक्याने घरात रडारड झाली. त्याचा अर्थ एवढाच होता की हा नमुन्याचा छोटा तुकडा आहे, आजार अजून ओठात आहे. तुकडा मुळात सगळा आजार काढायला घेतलेलाच नसतो.

आता उलटी परिस्थिती, जी जास्त घातक. रिपोर्ट येतो, ‘कर्करोग नाही’. लोक पेढे वाटतात. पण बोटाला घट्ट लागत असेल आणि खपली परत धरत असेल, तर तुकडा चुकीच्या जागेतून किंवा वरवर घेतलेला असण्याची शक्यता आधी धरायची. रिपोर्ट आणि बोट यांचं पटत नसेल तर पुन्हा, जास्त खोल तुकडा. माझ्याकडे किडनी प्रत्यारोपण झालेल्या एक मावशी आल्या होत्या, कानाच्या कडेवरची खपली. बाहेरचा पहिला तुकडा ‘केराटोसिस’, म्हणजे केराटिनचा नुसता जाड थर, म्हणून आला होता, दुसऱ्यात कर्करोग निघाला. पहिल्या तुकड्यात कातडीचा खालचा थर नव्हताच.

तपासा: रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मिळतो का, विचारा आणि जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात, विशेषतः टाटामध्ये, तेच पुन्हा पाहिले जातात. ब्लॉक नसेल तर पुन्हा तुकडा देण्याची वेळ येते.

## पायरी ७: शस्त्रक्रियेआधी विचारायच्या गोष्टी

ओठ आणि कान या दोन्ही जागा या कर्करोगात जोखमीच्या मानल्या जातात, आकार लहान असला तरी. ओठावर कातडी पातळ, लगेच खाली स्नायू, आणि गाठींकडे जाणारे भरपूर रस्ते. कानावर कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये चरबीची गादी जवळजवळ नसते. त्यामुळे अंगावर इतरत्र चालतं ते ‘थोडंसं काढू, बघू’ इथे चालत नाही.

तांडेलांचं गणित करून दाखवते. जागा ९ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर निरोगी दिसणारी कड धरली तर ९ अधिक १२, म्हणजे २१ मिलिमीटर. त्यांचा खालचा ओठ ६५ मिलिमीटर लांब. म्हणजे साधारण एक तृतीयांशाच्या आत. खालच्या ओठाचा तिसरा हिस्सा पाचरीच्या आकारात काढून कडा सरळ शिवता येतात. तोंड थोडं लहान वाटतं, पण जेवण-बोलणं होतं. तेच ते होळीनंतरच्या महिन्यात आले असते तर पाचर याहून बरीच लहान लागली असती. आणि आणखी सहा महिने थांबले असते तर शेजारची कातडी वळवून ओठ नव्याने बांधावा लागला असता.

आधी मानेची सोनोग्राफी झाली, गाठी साध्या होत्या. हे विचारायलाच हवं: “मान तपासली का?” दुसरा प्रश्न: “काढलेल्या भागाच्या कडा तपासून रिपोर्ट येणार ना?” काही ठिकाणी मोझ पद्धतीने कडा थर-थर करून शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासल्या जातात, पण ती सोय मोजक्याच जागी आहे. साध्या शस्त्रक्रियेत कडांचा रिपोर्ट नंतर येतो, आणि कड भरलेली निघाली तर पुन्हा काढावं लागतं. पायरी ६ मध्ये ‘कड भरलेली’ याची काळजी नव्हती, इथे मात्र आहे. शब्द तोच असला तरी अर्थ वेगळा, म्हणून गोंधळ होतो.

तांडेलांचा शेवटचा रिपोर्ट: खोली ३ मिलिमीटर, सगळ्या कडा मोकळ्या, नस मोकळी. किरणोपचाराची गरज पडली नाही. खोली ६ मिलिमीटरच्या पुढे गेली, नस धरली किंवा गाठीत सापडला, तर किरणोपचाराचा विचार होतो.

## पायरी ८: टाके निघाल्यानंतर

टाके निघाले की लोक येणं बंद करतात. परत उलटण्याची बहुतेक प्रकरणं पहिल्या दोन वर्षांत होतात, म्हणून या दोन वर्षांत दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं, मग वर्षातून एक-दोनदा. दर भेटीत शिवणीची जागा, उरलेला ओठ, दोन्ही कान आणि मान बघून घ्यायची. डॉक्टर मान बघायला विसरले तर आठवण करून द्या, कुणी रागावत नाही.

उरलेल्या ओठाचं काय? तांडेलांच्या बाकीच्या ओठावर उन्हाने झिजलेली तीच जमीन होती. तिथे नवी खपली उगवू शकते. त्यासाठी फ्लोरोयुरॅसिलचं मलम देतात, किंवा लेझरने वरचा थर काढतात. मलमाने दोन-तीन आठवडे ओठ लालभडक होतो, सोलतो, दुखतो. हे आधी सांगितलं नाही तर रोगी तिसऱ्या दिवशी ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून ट्यूब फेकून देतो. त्यांनीही तेच केलं होतं. सुनेने ट्यूब कचऱ्यातून परत काढली.

ऊन टाळा म्हणून सांगून उपयोग नाही, बोट दुपारी बंद होत नाही. म्हणून रुंद काठाची टोपी, कानावरून घेतलेला सुती पंचा, आणि ओठाला एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचा बाम. जेवल्यावर, पाणी प्यायल्यावर तो जातो, पुन्हा लावावा लागतो. साध्या चकचकीत लिप बाममध्ये ऊन अडवणारं काही नसतं, डबीवर एसपीएफ लिहिलेलं बघूनच घ्या. विडी सोडली तर ओठाला त्याचा फायदा आहेच, ती त्यांनी अजून सोडलेली नाही.

परवा ते सव्वा वर्षाच्या तपासणीला आले होते. ओठ मोकळा, मान मोकळी. सोबत धाकट्या भावाला आणलं होतं, तोही बोटीवरचा, डाव्या कानाच्या कडेला खपली, कधीपासून ते नीट आठवत नाही. खिशात ट्यूब होतीच. ती टेबलावर काढून ठेवायला लावली आणि कान चिमटीत धरला. खाली घट्ट लागलं. त्याच दिवशी तुकडा काढला, बाटलीवर ‘डावा’ लिहिलेलं तांडेलांनी स्वतः वाचून बघितलं.